महिनाअखेरच्या स्टेटमेंटच्या मेलमधून अकाउंट्सची भाषा कशी कमी करायची?

प्रश्न: मी एका सप्लाय करणाऱ्या कंपनीत अकाउंट्सला आहे. दर महिन्याच्या शेवटी सगळ्या कस्टमरना स्टेटमेंट ऑफ अकाउंटचा मेल जातो आणि मग पुढचे काही दिवस फोन सुरू, "अहो नेमके द्यायचे किती?" बरेच कस्टमर अकाउंट्सवाले नाहीत, स्वतःचा धंदा सांभाळणारे किंवा ऑफिस बघणारे लोक आहेत. बॉस म्हणतात भाषा सोपी कर. पण काढू काय आणि ठेवू काय? सोपं करायच्या नादात हिशोबच चुकीचा वाटायला नको.

उत्तर:

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका, जोडलेल्या स्टेटमेंटला हात लावायचा नाही. ते सिस्टीममधून निघतं, कस्टमरचा अकाउंटंट ते आपल्या लेजरशी लावून बघतो, वर्षाच्या शेवटी ऑडिटरही तेच मागतो, त्यामुळे तिथे ओपनिंग बॅलन्स, डेबिट, क्रेडिट जे आहे ते राहू दे. सोपं करायचाय तो मेलचा मजकूर, कारण तो वाचणारा माणूस वेगळा आहे. मेल उघडतो तो मालक किंवा ऑफिस बघणारा, फाइल उघडतो तो त्यांचा अकाउंटंट, आणि बऱ्याच ठिकाणी तो आठवड्यातून एकदाच येतो. आपण काय करतो, अकाउंटंटसाठीचा मजकूर मालकाला पाठवतो आणि मग मालक फोन करतो. तुमचे फोन तिथूनच येतायत.

आता मेल कसा असतो बघू. मी एक नमुना बनवलाय, पण तुमचाही साधारण असाच असणार. चलन लिहिलेलं नाही, नुसते आकडे आहेत, तुम्ही पाठवताना मात्र लिहा.

> आदरणीय ग्राहक, ३१ मार्च रोजीचे आपले स्टेटमेंट ऑफ अकाउंट सोबत जोडले आहे. क्लोजिंग बॅलन्स ४४,००० डेबिट असून एजिंगनुसार ३१-६० बकेटमध्ये ४२,००० आउटस्टँडिंग आहेत. अनअलोकेटेड क्रेडिट्स २२,५००. कृपया रिकन्साइल करून बॅलन्स कन्फर्मेशन पाठवावे व ओव्हरड्यू अमाउंट त्वरित रेमिट करावी. ७ दिवसांत डिस्क्रेपन्सी न कळवल्यास बॅलन्स मान्य समजण्यात येईल. ई. अँड ओ. ई.

यामागचा हिशोब असा आहे. कस्टमरला ३० दिवसांची मुदत. १० फेब्रुवारीचं बिल नंबर १०१८, १८,००० चं. २४ फेब्रुवारीचं बिल १०३१, २४,००० चं. मार्चमध्ये आणखी दोन बिलं झाली, ८ तारखेचं १०४७ हे १५,५०० चं आणि २२ तारखेचं १०६० हे ९,००० चं. १०३१ मधला थोडा माल खराब निघाला, तो परत आला म्हणून १४ मार्चला २,५०० ची क्रेडिट नोट २१२ निघाली. आणि १८ मार्चला कस्टमरने २०,००० पाठवले, पण कुठल्या बिलाचे ते काही लिहिलं नाही. सगळी बेरीज वजाबाकी करून ४४,००० उरतात. म्हणजे मेलमधला एकही आकडा चुकीचा नाहीये, आणि तरीही तो वाचून किती द्यायचे ते कळत नाही! ४४,००० की ४२,००० की त्यातून २२,५०० वजा करून, आणि वजा करायचे तर कशातून? शब्द सोपे केले, "क्लोजिंग बॅलन्स" च्या जागी "अखेरची शिल्लक" लिहिलं, तरी प्रश्न तसाच राहतो. म्हणून माझं म्हणणं असं की आधी आकडे नीट निवडा, शब्दांचं काम मग निम्म्याहून कमी उरतं.

एकूण बाकी आणि आत्ता द्यायचे पैसे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. क्लोजिंग बॅलन्समध्ये ज्यांची मुदत अजून संपलेली नाही ती बिलंही असतात. आपल्याला ते माहीत असतं म्हणून आपल्या डोळ्यांना ते खटकत नाही, पण समोरच्याला "बॅलन्स ४४,०००" दिसलं की त्याला वाटतं हे सगळे आज मागतायत. मग एक तर तो चिडतो, "मला ३० दिवस दिलेत ना?", किंवा गप्प बसतो आणि काहीच भरत नाही, आणि हे गप्प बसणं आपल्याला जास्त महागात पडतं.

वरच्या उदाहरणात ४४,००० पैकी २४,५०० ची दोन बिलं एप्रिलमध्ये द्यायची आहेत, १५,५०० हे ७ एप्रिलपर्यंत आणि ९,००० हे २१ एप्रिलपर्यंत. म्हणजे ३१ मार्चला मुदत उलटलेले फक्त १९,५००. मेलमध्ये पहिला आकडा हाच यायला हवा, त्यानंतर लगेच एप्रिलचे दोन. एकूण ४४,००० सगळ्यात शेवटी द्या, तेही फक्त जोडलेल्या स्टेटमेंटशी ताळा बसावा म्हणून.

एजिंगची बकेट मेलमधून सरळ काढा

०-३०, ३१-६०, ६१-९० हे रकाने वसुलीवाल्यांसाठी असतात, शंभर कस्टमरची यादी समोर असताना कुणाला आधी फोन करायचा हे ठरवायला. एका कस्टमरला स्वतःच्या चार बिलांसाठी त्याचा काय उपयोग? उपयोग तर नाहीच, उलट ते दिशाभूल करतात, आणि ती कशी ते बघा. बऱ्याच सिस्टीममध्ये एजिंग बिलाच्या तारखेपासून मोजायचं सेटिंग असतं, मुदतीच्या तारखेपासून नाही. इथे ३१ मार्चला १०१८ ला ४९ दिवस झाले आणि १०३१ ला ३५, म्हणून दोन्ही ३१-६० मध्ये गेले. कस्टमर वाचतो की आपण एक ते दोन महिने उशीर केला. प्रत्यक्षात १०१८ ची मुदत १२ मार्चला संपली आणि १०३१ ची २६ मार्चला, म्हणजे उशीर अनुक्रमे १९ आणि ५ दिवस. पाच दिवस उशीर झालेल्या माणसाला दोन महिने थकवल्यासारखा मेल गेला तर त्याचं उत्तर कोणत्या सुरात येणार ते तुम्हीच बघा.

तुमच्या सिस्टीममध्ये कुठलं सेटिंग आहे ते एकदा तपासा, मोठी मुदत असलेल्या कस्टमरचं महिन्याहून जुनं पण मुदत न संपलेलं एखादं बिल घ्या, ते ३१-६० मध्ये दिसलं तर एजिंग बिलाच्या तारखेपासून मोजलं जातंय हे लगेच कळतं. पण मेलपुरतं बोलायचं तर बकेटच्या जागी बिल नंबर, रक्कम आणि कधीपर्यंत द्यायचे होते ती तारीख, एवढंच लिहा. तारखेवर वाद होत नाही.

डेबिट आणि क्रेडिट

हे दोन शब्द मेलमध्ये अजिबात नकोत, स्टेटमेंटमध्ये राहू द्या. कारण असं की सामान्य माणसाची या शब्दांशी ओळख बँकेच्या मेसेजमधून झालेली असते, क्रेडिट म्हणजे पैसे आले, डेबिट म्हणजे पैसे गेले. आता त्याला "४४,००० डेबिट" दिसलं तर त्याला वाटू शकतं की हे पैसे कापून गेले, म्हणजे भरून झाले. आणि त्याच्या अकाउंटंटच्या पुस्तकात तर आपलं खातं उलट बाजूलाच असतं, आपल्याकडे जे डेबिट ते त्याच्याकडे क्रेडिट. म्हणजे त्या एका शब्दाचे तीन ठिकाणी तीन अर्थ. त्यापेक्षा कोणी कोणाला द्यायचे ते वाक्यातच येऊ दे: "तुमच्याकडून यायचे १९,५००" किंवा "तुमचे ४,५०० आमच्याकडे जास्तीचे जमा आहेत". नुसतं "बाकी" लिहिलं तरी चालत नाही, कारण बाकी कोणाकडे हे त्यात नसतं.

उणे चिन्हाचंही तेच. कंसात टाकलेला आकडा म्हणजे उणे, हे आपल्याला शिकवलंय, बाकीच्यांना नाही. मेलच्या मजकुरात एकही आकडा उणे किंवा कंसात येता कामा नये.

अनअलोकेटेड, ऑन अकाउंट वगैरे

यावर थोडं जास्त लिहितो, कारण कस्टमरचा राग इथूनच येतो. त्याने १८ तारखेला २०,००० भरलेत. त्याला मेल येतो की ४२,००० थकलेत, आणि खाली कुठेतरी "अनअलोकेटेड क्रेडिट्स २२,५००". त्याला त्यात आपले पैसे दिसतच नाहीत, एक तर शब्द कळत नाही आणि दुसरं म्हणजे त्यात क्रेडिट नोटचे २,५०० मिसळलेत त्यामुळे आकडाही ओळखीचा नाही. मग फोन, "मी पैसे भरले त्याचं काय झालं?"

अशा ठिकाणी सोपा शब्द शोधत बसू नका. तो शब्द तिथे आलाय कारण आपलं काम अर्धवट राहिलंय. क्रेडिट नोट १०३१ च्या मालाची आहे हे आपल्याला माहीत आहे ना, मग ती महिना बंद करायच्या आधी १०३१ ला लावून टाका. आणि पैसे कुठल्या बिलाचे हे कस्टमरला १९ तारखेलाच विचारा, दोन ओळींचा मेल पुरतो. पैसे देणारा सांगेल त्या बिलाला ते लावायचे, हा पहिला नियम. त्याने काहीच सांगितलं नाही तर तुमच्या कंपनीची जी पद्धत असेल ती, बहुतेक ठिकाणी सगळ्यात जुन्या बिलापासून. इथे तसं केलं तर १०१८ चे १८,००० पूर्ण भागतात, उरलेले २,००० हे १०३१ ला जातात. १०३१ चे २४,००० मधून परत आलेल्या मालाचे २,५०० आणि हे २,००० गेले की राहिले १९,५००. बघा, आता एकच बिल थकलेलं आहे, एकच आकडा आहे आणि एकच तारीख आहे. हा मेल तुम्ही कितीही कच्च्या भाषेत लिहिला तरी लोकांना कळेल.

एक सांभाळा, जिथे बिलावरून वाद चालू आहे तिथे आपण होऊन पैसे जुन्या बिलाला लावू नका. कस्टमर म्हणतोय १०१८ मधला माल आलाच नाही आणि आपण त्याचेच पैसे १०१८ ला लावून ते भागलं म्हणतोय, असं झालं तर वाद वाढतो. तिथे विचारूनच लावा, आणि तोपर्यंत मेलमध्ये साधं लिहा की १८ मार्चला आलेले २०,००० आमच्याकडे जमा आहेत, ते कुठल्या बिलाचे धरायचे ते तुम्ही सांगायचं आहे.

"रिकन्साइल करावे", "अंडर प्रोसेस", "ॲडजस्टमेंट" हे शब्दही याच जातीचे. हे काढताना प्रत्येक ठिकाणी विचारा की यामागे नक्की काय झालंय. "ॲडजस्टमेंट ६००" च्या मागे कधी जास्त लागलेलं भाडं असतं, कधी दरातला फरक, आणि तेच लिहायचं असतं. तुम्हालाच सांगता येत नसेल ते काय होतं, तर मेल पाठवायच्या आधी शोधा, कारण कस्टमर विचारणारच आहे.

काय काढायचं नाही

सोपं करायच्या भरात लोक कामाच्या गोष्टीही उडवतात. बिल नंबर, बिलाची तारीख, त्यांचा ऑर्डर नंबर असेल तर तो, क्रेडिट नोटचा नंबर, हे सगळं राहायला हवं, कारण कस्टमर याच्यावरूनच आपल्या फाइलीत कागद शोधतो. क्रेडिट नोट हा शब्दसुद्धा ठेवा, त्या कागदावर तेच छापलंय, फक्त आधी घडलेली गोष्ट सांगा आणि मग कागदाचं नाव घ्या: "परत आलेल्या मालाचे २,५०० कमी केलेत, क्रेडिट नोट २१२". ज्याला शब्द माहीत नाही त्याचं पहिल्या अर्ध्या वाक्यात भागतं, आणि शोधणाऱ्याला नंबर मिळतो.

दुसरं म्हणजे ते "७ दिवसांत न कळवल्यास मान्य समजण्यात येईल" वालं वाक्य. हे परस्पर काढू नका, ऑडिटरने किंवा वकिलांनी सांगून टाकलेलं असू शकतं, आधी बॉसना विचारा. ठेवायचं ठरलं तर निदान तारीख घालून माणसाच्या भाषेत लिहा, "हिशोबात काही चुकीचं वाटलं तर १० एप्रिलपर्यंत कळवा, तोपर्यंत काही आलं नाही तर हा हिशोब बरोबर आहे असं आम्ही धरू". ७ दिवस म्हटलं की कधीपासून हा प्रश्न उरतो, मेल गेल्यापासून की स्टेटमेंटच्या तारखेपासून. उशिराच्या व्याजाचंही तसंच, करारात जो दर आणि जी अट आहे ती बदलून गोड करू नका, आणि व्याज खरोखर लावणार नसाल तर दर महिन्याला धमकीसारखं लिहूही नका. "ई. अँड ओ. ई." मात्र मेलमधून खुशाल काढा, म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी, ते स्टेटमेंटवर खाली छापलेलं असतंच.

आणि बॅलन्स कन्फर्मेशन जर खरोखर सहीशिक्क्यासह हवं असेल तर ते या मेलमध्ये घुसडू नका, वेगळा मेल पाठवा. एका मेलमध्ये पैसे भरा, हिशोब तपासा आणि सही करून पाठवा अशी तीन कामं सांगितली की माणूस सगळ्यात सोपं काम करतो, म्हणजे मेल बंद करतो.

कुठल्या तारखेपर्यंतचं

स्टेटमेंट ३१ तारखेचं, मेल जातो ३ किंवा ४ तारखेला. मधल्या दिवसांत कोणी पैसे भरले असतील तर तो मेल वाचून वैतागणार. "आधीच भरले असल्यास दुर्लक्ष करावे" हे वाक्य सगळे टाकतात, पण त्यात आधी म्हणजे कधी ते नसतं. त्यापेक्षा लिहा की ३१ मार्चपर्यंत आमच्या बँकेत जमा झालेले पैसेच यात धरलेत. "बँकेत जमा झालेले" हे मुद्दाम, कारण कस्टमरच्या दृष्टीने चेक दिला त्या दिवशी पैसे दिले, आणि आपल्या दृष्टीने तो वटला तेव्हा. ३० तारखेला चेक देणाऱ्याला या एका वाक्याने उत्तर मिळतं.

आता हे सगळं धरून तोच मेल:

> विषय: मार्चचा हिशोब: १९,५०० ची मुदत संपली आहे, बाकीचे एप्रिलमध्ये
>
> नमस्कार,
>
> ३१ मार्चपर्यंतच्या हिशोबाप्रमाणे तुमच्याकडून १९,५०० यायचे आहेत. हे बिल नंबर १०३१ (२४ फेब्रुवारी) चे उरलेले पैसे आहेत, त्याची मुदत २६ मार्चला संपली. कृपया हे या आठवड्यात भरा.
>
> एप्रिलमध्ये द्यायचे:
> बिल १०४७ चे १५,५००, ७ एप्रिलपर्यंत
> बिल १०६० चे ९,०००, २१ एप्रिलपर्यंत
>
> १८ मार्चला तुमचे २०,००० मिळाले, धन्यवाद. ते कुठल्या बिलाचे हे सोबत लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यातून बिल १०१८ पूर्ण भागवलं आणि उरलेले २,००० बिल १०३१ मध्ये धरले. वेगळं धरायचं असेल तर सांगा. परत आलेल्या मालाचे २,५०० सुद्धा बिल १०३१ मधून कमी केले आहेत, क्रेडिट नोट २१२.
>
> ३१ मार्चपर्यंत आमच्या बँकेत जमा झालेले पैसेच यात धरले आहेत. त्यानंतर भरले असतील तर तारीख आणि रक्कम कळवा. पैसे पाठवताना बिल नंबर लिहिलात तर ते बरोबर त्याच बिलाला लागतील.
>
> काही चुकीचं वाटलं तर १० एप्रिलपर्यंत याच मेलला उत्तर द्या. सगळं धरून एकूण ४४,००० होतात, सविस्तर स्टेटमेंट तुमच्या अकाउंटंटसाठी सोबत जोडलं आहे.

जुन्या मेलपेक्षा हा लांब झालाय, हे मुद्दाम सांगतो, कारण बॉस म्हणतील सोपं म्हणजे छोटं. तसं नाहीये. जुन्यात कमी शब्द होते पण बाकीचं फोनवर सांगावं लागत होतं. घाईत असलेल्या माणसाने विषय आणि पहिला परिच्छेद वाचला तरी त्याचं काम होतं, पुढचं ज्याला शंका आहे त्याच्यासाठी.

शंभर कस्टमरना हे कसं जमवायचं

हाताने लिहायचं म्हटलं तर महिना त्यातच जाईल, ते खरंय. मेल मर्ज करत असाल तर एकच साचा सगळ्यांना लावू नका, निदान चार करा: ज्यांची मुदत उलटलेली बिलं आहेत ते, ज्यांची बिलं आहेत पण मुदत बाकी आहे ते, ज्यांचं काहीच देणं नाही ते, आणि ज्यांचे पैसे आपल्याकडे जास्त जमा आहेत ते. एकाच साच्यात सगळे कोंबले की कोणाला तरी "आपण उणे ४,५०० त्वरित भरावे" असा मेल जातो. शून्य बाकीवाल्यांना एका ओळीचा मेल पुरे, आणि जास्त जमावाल्यांना ते पैसे परत हवेत की पुढच्या बिलात धरायचे, एवढं विचारा.

मुदत उलटलेला आकडा शीटमधून काढायचा तर उघड्या बिलांची यादी घ्या. A मध्ये कस्टमर कोड, D मध्ये मुदतीची तारीख, E मध्ये बिलाची उरलेली रक्कम, H2 मध्ये ज्याचा आकडा हवाय त्याचा कोड आणि K1 मध्ये महिनाअखेरची तारीख:

```
=SUMIFS(E:E, A:A, H2, D:D, "<="&$K$1)
```

यात एक खाचखळगा आहे. बिलाला न लावलेले पैसे बऱ्याच सिस्टीम याच यादीत उणे रकमेने टाकतात. त्या ओळीत मुदतीची तारीख रिकामी असेल तर हा फॉर्म्युला ती ओळ सोडून देतो आणि थकबाकी जास्त दिसते, आणि सिस्टीमने तिथे पैसे आल्याची तारीख भरली असेल तर ती रक्कम वजा होते आणि थकबाकी कमी दिसते. वरच्या उदाहरणात क्रेडिट नोट लावलेली आहे पण २०,००० लावलेले नाहीत असं धरा, तर पहिल्या प्रकारात ३९,५०० येतील आणि दुसऱ्यात १९,५००. दोन महिने दोन वेगवेगळे आकडे आले की कस्टमरचा विश्वास उडतो. म्हणून मर्ज चालवायच्या आधी उणे रकमेच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा, जेवढ्या लावता येतील तेवढ्या लावा, आणि ज्या कस्टमरच्या तरीही उरतील त्यांचा मेल हाताने लिहा. दर महिन्याला पैसे विचारून लावायची सवय झाली की अशांची यादी आपोआप आखूड होते.

ताळ्यासाठी प्रत्येक ओळीत एवढं बघा की मुदत उलटलेले अधिक अजून मुदत असलेले, वजा न लावलेले पैसे, हे स्टेटमेंटच्या एकूण आकड्याइतकं येतंय का. येत नसेल तो मेल थांबवा.

पाठवायच्या आधी

अकाउंट्समधल्या कोणाला वाचायला देऊ नका, त्यांना सगळंच कळतं. डिस्पॅचमधल्या किंवा रिसेप्शनवरच्या कोणाला तरी द्या, जोडलेली फाइल उघडू न देता, आणि विचारा: आत्ता किती द्यायचे, कशाचे, पुढचे कधी द्यायचे, आणि पटलं नाही तर काय करायचं. "समजलं का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, त्यामुळे आकडा विचारा. उत्तर द्यायला त्याला मेलमध्ये परत वर जाऊन शोधावं लागलं तर ती माहिती चुकीच्या जागी आहे.

नवीन मेल गेल्यावर पहिले एक दोन महिने येणाऱ्या फोनची कारणं एका कागदावर टिपत जा. "किती द्यायचे" आणि "मी भरलेत की" हे फोन कमी व्हायला हवेत. "१०४७ मधला माल कमी आला होता" किंवा "दर असा ठरला नव्हता" असे फोन मात्र वाढू शकतात, त्याने घाबरू नका, हे वाद आधीपासून होतेच, फक्त आता लोकांना बिल नंबर दिसतोय म्हणून ते महिन्याभरात बाहेर येतायत. बॉसना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ते म्हणतील की सोपा मेल केल्याने तक्रारी वाढल्या.

आणि अजून एक, मेलचं रूप एकदम बदलणार असाल तर त्याच मेलमध्ये बँक खात्याचे तपशील टाकू नका. खातं बदललंय सांगून पैसे वळवणाऱ्या खोट्या मेलचा प्रकार आता सगळ्यांना माहीत आहे, आणि नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा मेल, त्यात पैसे भरा आणि खाते नंबर, असं एकत्र आलं की सावध कस्टमर पैसे थांबवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पहिल्या महिन्यात एक ओळ टाका, "मेल लिहायची पद्धत बदलली आहे, आमचं बँक खातं तेच आहे, बिलावर छापलेलं", आणि शंका आली तर त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायला सांगा, मेलमधल्या नंबरवर नाही.